चौघांचा मसालेभात तीस जणांसाठी: नुसता गुणाकार का पुरत नाही?

पाककृतीच्या अनेक अॅपवर ‘किती जणांसाठी’ असा पर्याय असतो. चारचा आकडा तीस केला की साहित्याचा सगळा तक्ता क्षणात बदलतो. गणित अचूक असते, पण त्यातून ‘मीठ 11.25 चमचे’ किंवा ‘हिंग 1.875 चमचे’ असे काहीतरी समोर येते. हिंगाचा असा चमचा कोणत्या घरात मिळतो, हे अॅप सांगत नाही.

समजा, चौघांच्या मसालेभाताला दीड कप तांदूळ, तीन कप पाणी, तीन मोठे चमचे तेल, दोन छोटे चमचे गोडा मसाला आणि दीड छोटा चमचा मीठ लागते. तीसला चारने भागले की साडेसात येतात. म्हणजे तांदूळ सव्वाअकरा कप. अकरा वेळा कप भरताना मोजणी चुकतेच. शिवाय कोणी कप सपाट भरतो, कोणी शिगोशीग. 240 मिलिलिटरच्या कपात साधारण 200 ग्रॅम तांदूळ मावतो. त्यामुळे तक्त्यात सरळ सव्वादोन किलो लिहावे आणि तांदूळ काट्यावर तोलावा. मिठाचे सव्वाअकरा छोटे चमचे मोजण्यापेक्षा तीन छोट्यांचा एक मोठा चमचा धरून पावणेचार मोठे चमचे म्हणणे सोपे. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा सुमारे सहा ग्रॅमचा असतो, म्हणजे वजनात हे मीठ 65 ते 70 ग्रॅम होते.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी गुणाकार, मग एकक बदलणे आणि पूर्णांकात आणणे अगदी शेवटी. बाजारात 240 आणि 250 मिलिलिटर असे दोन्ही मापांचे कप मिळतात. चौघांच्या भातात हा दहा मिलिलिटरचा फरक कुणाला कळत नाही. पण साडेबावीस कप पाण्यात तोच 225 मिलिलिटर होतो, म्हणजे जवळजवळ एक कप जास्त. घरातल्या वाटीचे तर प्रत्येक स्वयंपाकघरात वेगळे माप. तरीही तांदूळ आणि पाणी दोन्ही त्याच वाटीने मोजले तर प्रमाण टिकते. गडबड होते ती तांदूळ किलोने आणि पाणी भलत्याच वाटीने घेतल्यावर.

आता पाणी. गुणाकाराने 5.4 लिटर येते आणि तेवढे ओतले की भाताचा गिचका होण्याची शक्यता मोठी. कारण पाण्याचा एक भाग तांदूळ शोषतो, तर दुसरा वाफ होऊन जातो. शोषलेले पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढते. वाफ मात्र भांड्याचे तोंड किती रुंद आहे, झाकण कसे बसते आणि भात किती वेळ शिजतो यावर ठरते. तांदूळ साडेसात पट झाला म्हणून भांड्याचे तोंड आणि वेळ तितके वाढत नाहीत. म्हणून सुरुवातीला साडेचार लिटर घालावे आणि उरलेले उकळते पाणी शेजारच्या शेगडीवर ठेवावे. पाणी आटल्यावर मधले शीत बोटांत दाबून पाहावे. आत कणी लागली तर वाटीभर पाणी कडेने सोडावे. घातलेले पाणी काढता येत नाही.

तेलाचेही तसेच. हिशेबाने ते सुमारे 340 मिलिलिटर होते, पण फोडणीचे काम पातेल्याचा तळ झाकण्याचे आणि मसाला परतण्याचे. अडीचशेत ते बहुधा भागते. तिखट आणि गोडा मसाला हिशेबाच्या तीन चतुर्थांश घालून चव घ्यावी.

‘मोठ्या स्वयंपाकात मीठ कमी लागते’ असे सर्रास सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. मीठ वाफेबरोबर उडत नाही, त्यामुळे तयार भाताच्या प्रमाणात ते तेवढेच लागते. मीठ जास्त होते ते बहुधा शीग भरलेल्या चमच्यांमुळे. काट्यावर तोलले की हा प्रश्न मिटतो. तरी दहा ग्रॅम हातचे राखून ठेवायला हरकत नाही.

एक गोष्ट कोणत्याच तक्त्यात नसते: थराची उंची. सव्वादोन किलो तांदूळ एकाच उंच पातेल्यात टाकला तर तळ करपतो आणि वरचा थर कच्चा राहतो. घरच्या शेगडीवर पंधरा-पंधरा जणांची दोन रुंद पातेली केव्हाही बरी. मग प्रत्येकात सुमारे 1,125 ग्रॅम तांदूळ आणि सुरुवातीचे सव्वादोन लिटर पाणी.

अॅप बनवणाऱ्यांनी ‘गुणावे’ आणि ‘चवीने घालावे’ असे दोन रकाने वेगळे दाखवायला काहीच अडचण नसावी. खोबरे-कोथिंबीर पहिल्या रकान्यात, पाणी, तेल आणि तिखट दुसऱ्यात. उलट दिशेला, एकट्यासाठी हिंग ‘0.06 चमचा’ असे छापण्यापेक्षा ‘चिमूटभर’ हा शब्द पुरेसा नेमका आहे.