गेलेल्या माणसाचं खातं आधी पुसू नका

भातकुलीतलं एखादं कृषी सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणा. संगणक सांभाळणारा पोरगा दिवाळीनंतर पुण्याला गेला. मालक म्हणतात, "गेला ना तो, मंग त्याचं खातं कायले ठेवाचं?" त्याच संध्याकाळी ते दुकानाचं जीमेल खातं पुसून टाकतात. खातं त्या पोरानं उघडलेलं, आणि खरिपाच्या उधारीची शीटही त्याच खात्याची. खात्याबरोबर तीही गेली. मालकांना ती फक्त शेअर केलेली होती, त्यामुळे त्यांच्या मोबाइलवरही ती उघडेना. मग 20 तारखेला जीएसटीचं विवरणपत्र भरायला बसले, तर ओटीपी पुण्याला!

चूक पोराची नाही, क्रमाची आहे. पुसणं हे शेवटचं काम, पहिलं नव्हे.

पहिलं काम म्हणजे मालकी हलवणं. माणूस दुकानात आहे तोवरच प्रत्येक शीट त्याच्या खात्यातून `Transfer ownership` करून मालकांच्या खात्यावर घ्यावी. साध्या जीमेलमध्ये समोरच्यानं ती स्वीकारल्याशिवाय मालकी बदलत नाही, म्हणून दोघांनी शेजारी बसून हे उरकावं. जीएसटी पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेलही तेव्हाच बदलावा. नंतर पासवर्डही हाती नसेल, तर कर अधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन अमरावतीच्या चकरा ठरलेल्या.

दुसरं काम शेवटच्या दिवशीचं, दारं बंद करण्याचं. जीमेलचा पासवर्ड, परतीचा मोबाइल नंबर आणि दुहेरी पडताळणीचा नंबर, तिन्ही बदला. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण जुना नंबर राहिला तर त्यावरून नवा पासवर्ड काढता येतो. दुकानाचं व्हॉट्सॲप तर या पासवर्डला विचारतच नाही. त्याच्या `Linked devices` मध्ये जाऊन अनोळखी संगणक काढावा लागतो. टॅलीतलं त्याचं नाव मात्र बंद करून ठेवा, म्हणजे त्यानं केलेल्या नोंदी ओळखता येतील.

दार खरंच लागलं का, हे तपासायची सोपी रीत आहे. मालकांनी दुसऱ्या फोनवर "पासवर्ड विसरलो" दाबावं. कोड पाठवायच्या नंबराचे शेवटचे आकडे दिसतात. ते त्या पोराच्या नंबराचे असतील, तर काम अर्धवट आहे.

पुसणं त्यानंतर, तेही घाईनं नाही. गुगल वर्कस्पेसमध्ये पुसलेला वापरकर्ता 20 दिवसच परत आणता येतो, आणि जीएसटीचा हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावा लागतो. पोराच्या फोनमध्ये आधीच उतरलेली ग्राहकांची यादी मात्र कोणत्याही बटणानं परत येत नाही. बाकीची धावपळ टाळायची तर खातं पहिल्या दिवसापासून दुकानाच्या नावानं आणि मालकांच्या नंबरावर उघडावं. मग माणूस गेला तरी एक पासवर्ड बदलायचा उरतो, उधारी शोधत बसायची वेळ येत नाही.