हरकत आहे!

माझी भाची सातवीत आहे, मराठी माध्यमात. परवा आपाकडे गेलो तर ती वही घेऊन समोर येऊन बसली. प्रश्न नेहमीचाच होता : 'अर्थ स्पष्ट होईल अशा रीतीने पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.' पाच शब्द होते. चार वाक्यांवर बरोबरची खूण होती. एकावर लाल फुली. ते वाक्य असे होते :

'लहान भाऊ वर्गात वाईट हरकत करत होता म्हणून बाईंनी त्याला बाहेर उभे केले.'

"मामू, हे चूक कसं? घरी अम्मी रोज म्हणते, ऐसी हरकत मत कर."

मी वही हातात घेतली आणि फुलीकडे नाही, तर त्या चार बरोबर वाक्यांकडे पाहिले. 'साहेबांनी खुलासा केला.' 'मला गरज आहे.' 'तो हैराण झाला.' 'आम्ही तक्रार केली.' चारही वाक्ये गाईडमधून उतरवलेली. व्याकरण बिनचूक, शुद्धलेखन बिनचूक, आणि अर्थ एकातही नाही.

हे पाहायला शब्दावर बोट ठेवले तरी पुरते. 'मला ___ आहे.' इथे गरज बसते, ताप बसतो, भाऊ बसतो, शाळा बसते, राग बसतो. जिथे इतके काही बसते तिथे 'गरज' या शब्दाचा अर्थ मुलीला ठाऊक आहे की नाही, हे वाक्य सांगूच शकत नाही. आता तिच्या चुकलेल्या वाक्यावर बोट ठेवा. 'लहान भाऊ वर्गात वाईट ___ करत होता म्हणून बाईंनी त्याला बाहेर उभे केले.' तिथे चाळे बसतील, कृत्य बसेल. म्हणजे हे वाक्य आपल्या शब्दाचा एकच अर्थ दाखवते, अगदी लख्ख दाखवते. फक्त तो अर्थ आमच्या घरातला आहे, बाईंना हवा होता तो नाही. पाच वाक्यांत प्रश्नाने जे मागितले ते करणारे हे एकमेव वाक्य होते आणि फुली नेमकी त्यालाच मिळाली.

बाईंना दोष देण्याआधी स्वतःचे सांगतो. मी बरीच वर्षे मराठी शिकवले आहे आणि हेच केले आहे. साठ वह्यांचा गठ्ठा समोर असला की डोळा दोनच गोष्टी शोधतो : दिलेला शब्द वाक्यात आला का, आणि वाक्य पुरे झाले का. 'तो हैराण झाला' हे वाक्य अर्ध्या सेकंदात तपासून होते. लांब वाक्य वाचावे लागते आणि वाचले की चूक सापडते. मुले हे आमच्याआधी ओळखतात. जितके कमी बोलाल तितके मार्क सुरक्षित, हा धडा त्यांना कोणी फळ्यावर लिहून देत नाही, तरी तो पाठ होतो.

सगळ्याच मुलांचे यात नुकसान आहे, पण ज्यांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलली जाते त्यांचे जास्त आहे. मराठीत अरबी-फारसी शब्द हजारोंनी आहेत. माधव ज्यूलियन यांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, 1925 साली त्यांचा एक अख्खा फार्शी-मराठी कोश काढला होता. आपल्या मुलांना वाटते हे शब्द आपल्याला घरचेच आहेत, त्यांचा अर्थ काय पाहायचा? पण शब्द एका घरातून दुसऱ्या घरात गेला की बदलतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, किंवा नाटकाचा सराव. आमच्या घरी फाजिल माणूस म्हणजे विद्वान. शाळेत फाजील मुलगा म्हणजे नको तेवढे बोलणारा. मकतबमध्ये मूल कायदा वाचते म्हणजे अलिफ-बे शिकते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला कायदा वेगळा. 'हैराण' शब्दाने आपण थक्क होतो आणि मराठी माणूस त्रासतो.

खुलासा या शब्दाचे तर तीन संसार आहेत. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश. हिंदी वाहिन्यांवर खुलासा म्हणजे गौप्यस्फोट. मराठीत खुलासा म्हणजे आपल्या वागण्याबद्दल किंवा एखाद्या गोष्टीबद्दल दिलेले स्पष्टीकरण. आता 'साहेबांनी खुलासा केला' हे वाक्य पुन्हा वाचा. तिन्ही अर्थ त्यात आरामात झोपलेले आहेत. मी भाचीला विचारले, साहेबांनी नेमके काय केले? ती म्हणाली, "थोडक्यात सांगितलं." म्हणजे बरोबरची खूण मिळालेल्या वाक्यामागेही उर्दू अर्थच होता. चूक दोन्ही वाक्यांत सारखीच. एकीत ती दिसली आणि दुसरीत झाकली गेली, एवढाच फरक. झाकली गेलेली चूक कोण दुरुस्त करणार? ही मुलगी उद्या नोकरीला लागेल, तिला कार्यालयातून पत्र येईल की तीन दिवस विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल लेखी खुलासा सादर करावा. आणि ती सारांश शोधत बसेल. तो अर्थ तिला सातवीतच कळायला हवा होता, आणि तो कळायची वाट फुली मिळणाऱ्या वाक्यातूनच जाते.

आता त्या फुलीकडे वळू. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप, आडकाठी. बाईंचे बरोबर आहे. पण अरबी मूळ शब्दाचा अर्थ हालचाल असा आहे. म्हणूनच मकतबमध्ये अक्षराला हलवणाऱ्या जबर, जेर, पेश या खुणांनाही हरकत म्हणतात. आणि गंमत अशी की हा हालचालीचा अर्थ मराठीने पुरता टाकलेला नाही. गाण्यातली हरकत आठवा. गायिका मुखड्यावर येता येता स्वरांची एक छोटीशी लकेर घेते, तिला आपण हरकतच म्हणतो. 'गायकाने हरकत घेतली' हे वाक्य एखाद्या मुलाने लिहिले तर मी काय समजायचे? त्याने कोणाच्या तरी म्हणण्याला विरोध केला, की सुरेख जागा घेतली? शुद्ध मराठीतल्या शुद्ध मराठी वाक्यातही अर्थ असा लटकत राहतो. तेव्हा हा प्रश्न फक्त उर्दूवाल्या घरांचा आहे असे कोणी समजू नये.

मग अर्थ पक्का कसा करायचा? आम्ही दोघांनी वहीच्या मागच्या पानावर हरकत पुन्हा घेतला. तिचे पहिले वाक्य आले, 'काकांनी हरकत घेतली.' बोट ठेवले. काकांनी रिक्षा घेतली, साडी घेतली, शपथ घेतली. नाही चालत. दुसरे वाक्य आले, 'हरकत म्हणजे आक्षेप होय.' ही मुलांची आवडती पळवाट आहे. यात शब्दाची व्याख्या आहे, उपयोग नाही. वापरायला दिलेला शब्द वाक्यात काम करताना दिसला पाहिजे. मी विचारले, हरकत कधी घेतात? कोणीतरी काही करायला निघतो तेव्हा. मग काय करायला निघाले होते ते लिही. आणि हरकत घेतल्यामुळे काय बदलले तेही लिही. थोडा वेळ पेन्सिल चावून तिने लिहिले :

'गच्चीवर मांडव घालायला सगळे तयार होते, पण खालच्या काकांनी हरकत घेतली म्हणून मांडव मैदानात घातला.'

पुन्हा बोट ठेवले. आता रिक्षा बसत नाही, साडी बसत नाही, गाण्यातली लकेर तर नाहीच नाही. 'पण'ने सांगितले की हे बाकीच्यांच्या होकाराच्या उलट आहे; 'म्हणून'ने सांगितले की त्यामुळे काम अडले. तिने विचारले, "आक्षेप बसतो की, मग हेही चूक?" नाही. समानार्थी शब्द बसला तर उलट खात्रीच पटते की जागा बरोबर आखली आहे. शब्दाच्या घराण्याबाहेरचे कोणी आत शिरले तरच वाक्य फुटके. बोटाची ही कसोटी सगळीकडे चालते असे मात्र नाही. 'पेन्सिल' किंवा 'मांजर' अशा साध्या नामाला इतके बंदिस्त करण्याचा अट्टाहास केला तर वाक्याचे कोडे होऊन बसते. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचे शब्द असतात तिथेच तिचा खरा उपयोग, आणि मुले तिथेच अडतात.

माझे म्हणणे सरळ आहे. तपासणाऱ्याने बोट ठेवून पाहावे. वाक्य पोकळ असेल तर बरोबरची खूण देऊ नये, मग ते कितीही शुद्ध असो. आणि वाक्याने शब्दाचा दुसरा, पण खराखुरा अर्थ दाखवला असेल तर फुलीऐवजी समासात एवढेच लिहावे : 'हा अर्थ उर्दूतला, मराठीत काय होतो?' मार्क अर्धा द्या, की देऊ नका. पण मुलाला कळू द्या की त्याने केलेले काम बरोबर होते, फक्त शब्द दुसऱ्या गावात उतरला. आपल्या आईबापांनीही घरात 'तू उर्दू बोलतेस म्हणून मार्क जातात' असे म्हणणे बंद करावे. जे मूल एका शब्दाचे दोन अर्थ ओळखते त्याला कमी येत नाही, जास्त येते. दोन्ही वेगळे धरता यायला हवेत, इतकेच.

निघताना मी तिला आणखी एक शब्द दिला, रजा. घरी ती ऐकते ते 'अल्लाह की रज़ा', म्हणजे मर्जी, संमती. तिने लिहिले, 'अब्बांना ताप आला म्हणून त्यांनी दोन दिवस रजा घेतली.' मग स्वतःच बोट ठेवून म्हणाली, "मामू, सुट्टी बसते. पण रजा आणि सुट्टी सारखं नाही ना? रविवारी अब्बा घरी असतात, त्याला कोणी रजा म्हणत नाही."

"मग फरक काय?"

तिने बराच वेळ विचार केला. "सुट्टी असते. रजा मागावी लागते. साहेब राजी झाले तर." मर्जी आणि संमती तिला अशी मराठी शब्दाच्या पोटातच सापडली. मग तिने आधीचे वाक्य खोडले आणि खाली लिहिले :

'ईदची सुट्टी एकच दिवस होती, म्हणून अब्बांनी साहेबांना अर्ज देऊन आणखी दोन दिवसांची रजा मागितली.'