विश्लेषण : ‘गुगलने लॉगिन’ काढले आणि स्वतःच्याच अकाउंटबाहेर! असे का होते?

आपली माहिती कुठे कुठे जाते, या काळजीने अनेक जण अधूनमधून अ‍ॅपची सेटिंग्ज उघडतात आणि फेसबुक, गुगल किंवा अ‍ॅपलशी असलेली जोडणी काढून टाकतात. त्या क्षणी काहीच बिघडत नाही. पुढे फोन बदलला किंवा चुकून लॉगआउट झाले की कळते, आता आत जाता येत नाही. अकाउंट हॅक झालेले नसते, बंदही झालेले नसते. ते जागेवरच असते, फक्त आत शिरण्याचा एकमेव रस्ता वापरकर्त्यानेच काढून टाकलेला असतो. हे कसे घडते आणि यातून परत येता येते का?

‘गुगलने लॉगिन’ केल्यावर अ‍ॅपकडे काय राहते?

हे बटण दाबल्यावर पासवर्ड तपासण्याचे काम गुगल करते. अ‍ॅपला तो पासवर्ड कधीच दिसत नाही. गुगल अ‍ॅपला एवढेच कळवते, की समोरची व्यक्ती अमुक आहे. त्यासोबत एक ओळख क्रमांक पाठवला जातो. गुगलच्या व्यवस्थेत त्याला `sub` म्हणतात. तो प्रत्येक गुगल अकाउंटसाठी वेगळा असतो आणि पुन्हा दुसऱ्या कुणाला दिला जात नाही.

अ‍ॅप आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते, की हा क्रमांक आला तर हे अकाउंट उघडायचे. बऱ्याचदा ईमेलही नोंदवला जातो, पण तो बदलू शकतो, म्हणून ओळख पटवण्यासाठी क्रमांकावर भर असतो. पासवर्डची जागा मात्र रिकामीच राहते, कारण तो कधी ठेवलेलाच नसतो.

जोडणी कुठून काढली, याने काय फरक पडतो?

जोडणी दोन ठिकाणांहून काढता येते आणि दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत. पहिले ठिकाण गुगलच्या अकाउंटमधले. तिथे बाहेरच्या अ‍ॅप्सची यादी असते आणि त्यातले एखादे काढता येते. असे केल्याने गुगलने अ‍ॅपला दिलेली परवानगी रद्द होते, पण अ‍ॅपच्या नोंदवहीतली ओळ सहसा तशीच राहते. पुन्हा तेच बटण दाबले की गुगल नव्याने परवानगी विचारते, तोच क्रमांक पाठवते आणि जुने अकाउंट उघडते.

दुसरे ठिकाण अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंग्जमधले. तिथे ‘डिसकनेक्ट’ केले की नोंदवहीतली ती ओळच पुसली जाते. आता गुगलकडून तोच क्रमांक आला, तरी तो कुणाचा हे अ‍ॅपला सांगता येत नाही. खरा धोका इथे आहे.

फेसबुक अकाउंट कायमचे डिलीट करणाऱ्यांच्या बाबतीत तिसरीच गोष्ट घडते. अ‍ॅपमधली नोंद शाबूत असते, पण ओळख पटवून देणाराच उरत नाही. फेसबुक डिलीट करण्याची विनंती ३० दिवसांच्या आत मागे घेता येते. त्यानंतर तो मार्ग संपतो.

नवे रिकामे अकाउंट उघडले तर?

समजा, एका तरुणीने काही वर्षांपूर्वी फेसबुक वापरून फोटो शेअर करण्याच्या एका अ‍ॅपवर अकाउंट उघडले. पुढे तिने अ‍ॅपच्या सेटिंग्जमधून फेसबुक काढले. फोनवर ती आधीच लॉगिन असल्याने अ‍ॅप नेहमीसारखे चालत राहिले. चालू असलेले लॉगिन आणि नव्याने करायचे लॉगिन या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे चूक लगेच लक्षात येत नाही. नवा फोन घेतल्यावर तिने पुन्हा ‘फेसबुकने लॉगिन’ दाबले. अ‍ॅप उघडले, पण नाव निवडायला सांगू लागले. फोटो शून्य, फॉलोअर शून्य.

याचा अर्थ फोटो गेले असा नव्हे. अ‍ॅपने तिला नवी वापरकर्ता समजून दुसरे अकाउंट उघडले. अशा वेळी पुढे माहिती भरत जाऊ नये. फेसबुकचा क्रमांक आता या नव्या अकाउंटला जोडला गेल्याने तो जुन्याला परत जोडणे अवघड होऊन बसते.

अ‍ॅप आधीच अडवत का नाही?

अडवता येते. अनेक अ‍ॅप्स ज्यावर उभी असतात त्या ‘सुपाबेस’ या सेवेत एकुलती एक जोडणी काढायचा प्रयत्न केला तर `single_identity_not_deletable` असा एरर येतो आणि काम तिथेच थांबते. पण ही तपासणी प्रत्येक अ‍ॅपमध्ये असतेच असे नाही. काही अ‍ॅप्समध्ये ती असूनही फसते. अकाउंटला ईमेल जोडलेला दिसला की दुसरा मार्ग आहे असे अ‍ॅप धरून चालते, मग तो ईमेल बंद पडलेला का असेना.

वापरकर्त्याने काही न करताही असे होऊ शकते?

होय. ‘फोर्टनाइट’ या गेमची कंपनी एपिक गेम्स आणि अ‍ॅपल यांच्यात २०२० मध्ये पैसे घेण्याच्या पद्धतीवरून वाद पेटला. ऑगस्टमध्ये अ‍ॅपलने हा गेम अ‍ॅप स्टोअरवरून काढला. सप्टेंबरमध्ये एपिकने जाहीर केले, की ११ सप्टेंबरपासून `Sign in with Apple` वापरून एपिकच्या अकाउंटमध्ये शिरता येणार नाही. त्याआधी ईमेल तपासून पासवर्ड ठेवा, असे खेळाडूंना सांगण्यात आले. नंतर अ‍ॅपलने मुदत वाढवून दिल्याचे एपिकने कळवले आणि संकट टळले.

यात एक मेख होती. अ‍ॅपलच्या लॉगिनमध्ये आपला खरा ईमेल लपवता येतो. मग अ‍ॅपला `@privaterelay.appleid.com` ने संपणारा पत्ता मिळतो आणि त्यावरचे मेल अ‍ॅपल खऱ्या इनबॉक्सकडे पाठवते. म्हणजे पासवर्ड बदलण्याचा मेलही अ‍ॅपलमार्फतच येणार. ही सोय बंद केली असेल, तर तो मेल पोहोचत नाही.

आता करायचे काय?

एखाद्या जुन्या फोनवर किंवा लॅपटॉपवर लॉगिन चालू असेल, तर तिथून लॉगआउट करू नये. तिथूनच सेटिंग्जमध्ये जाऊन ईमेल आणि पासवर्ड जोडावा. अ‍ॅप ‘सध्याचा पासवर्ड’ मागून अडवत असेल, तर ‘फरगॉट पासवर्ड’ निवडावे. अकाउंटमध्ये चालू ईमेल नोंदवलेला असेल, तर पासवर्ड कधीच नव्हता अशा अकाउंटलाही अनेक ठिकाणी या वाटेने पासवर्ड मिळतो. तेही जमले नाही तर अ‍ॅपच्या मदत विभागाला अकाउंटचे नाव, नोंदवलेला ईमेल, ते साधारण कधी उघडले आणि पैसे भरले असल्यास त्याची पावती द्यावी लागते. मोफत अकाउंटच्या बाबतीत मालकी सिद्ध करणे कठीण असते आणि प्रत्येक विनंती मान्य होतेच असे नाही.

ज्यांना जोडणी अजून काढायची आहे, त्यांच्यासाठी क्रम महत्त्वाचा. आधी दुसरा मार्ग जोडायचा. मग ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोमध्ये त्याच मार्गाने लॉगिन करून आपलेच फोटो, आपलेच फॉलोअर दिसतात का ते पाहायचे. ते दिसले, की मगच जुनी जोडणी काढायची. दुसरा मार्ग म्हणून मोबाइल क्रमांक देताना तो चालू आहे ना, हेही पाहावे. भारतात बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि मग ओटीपी त्याच्या फोनवर जातो.