घरसंसाराचा हिशेब : विहाराच्या दारांना व्हार्निश किती लागेल?



वैशाखी पौर्णिमा जवळ आली की वस्तीवस्तीत विहाराच्या रंगरंगोटीची बोलणी सुरू होतात. भिंतींना रंग किती लागेल याचा अंदाज आपल्यातल्या पुष्कळांना असतो, कारण आपलीच मुले ते काम करतात. अडते ते लाकडाच्या दारांपाशी. रंगारी सांगतो, "दहा लिटर व्हार्निश आणा," आणि समिती दहा लिटर आणते. हा पैसा कुणा एकाच्या खिशातला नसतो. पाच-पाच, दहा-दहा रुपयांनी गोळा झालेल्या वर्गणीचा असतो आणि सभेत त्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून यावेळी आम्ही हे गणितच मांडतो आहोत. घरच्या दारांनाही ते तसेच लागू पडते.

समजा, विहाराला दोन झडपांचे सागवानी पॅनेलचे मुख्य दार आहे. चौकटीसकट ते 5 फूट रुंद आणि 7 फूट उंच. आत 3 फूट बाय 7 फुटांची दोन सपाट फ्लश दारे आहेत. लाकूड नवे आणि कोरे आहे.

पहिला घोटाळा क्षेत्रफळातच होतो. 3 गुणिले 7 म्हणजे 21 चौरस फूट, म्हणून कुणी 21 धरतो. दाराला दोन बाजू असतात हे ज्याच्या लक्षात येते तो 42 धरतो. पण ब्रश चौकटीच्या आतल्या अंगावर, खाचेत आणि झडपेच्या कडांवरही फिरतो. सरकारी बांधकामाच्या मोजमापात यासाठी सोपी रीत आहे. चौकटीसह सपाट माप घ्यायचे आणि फ्लश दार असेल तर प्रत्येक बाजूला 1.20 ने, पॅनेलचे असेल तर 1.30 ने गुणायचे. पॅनेलला खोबणी आणि गोलाई असते, म्हणून त्याचा आकडा जास्त.

हा आकडा हवेतला नाही. आम्ही फ्लश दाराची फोड करून पाहिली. अडीच इंच बाय चार इंचांची चौकट धरली तर आतली झडप 2 फूट 8 इंच बाय 6 फूट 10 इंच उरते. तिच्या दोन बाजूंचे साडेछत्तीस चौरस फूट. चौकटीची तीन अंगे मिळून 17 फूट लांब आणि घेर नऊ इंच, म्हणजे पावणेतेरा. झडपेच्या कडांचे दोन. एकूण सुमारे 51. रीतीने येतात 21 गुणिले 2 गुणिले 1.20, म्हणजे 50.4. इतके जुळते तर रोज फोड करत बसायची गरज नाही.

आता मुख्य दार : 35 गुणिले 2 गुणिले 1.30, म्हणजे 91. दोन फ्लश दारांचे मिळून 101. सगळे मिळून 192 चौरस फूट.

यापुढे डबा वाचायचा. एक लिटर व्हार्निश एका हातात किती जागा झाकते, ते डब्यावर छापलेले असते. बहुतेकदा ते चौरस मीटरमध्ये असते. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट. समजा, डब्यावर 10 ते 12 चौरस मीटर लिहिले आहे, म्हणजे 108 ते 129 चौरस फूट. आपण नेहमी खालचा आकडा धरावा. वरचा आकडा गुळगुळीत, न शोषणाऱ्या पृष्ठभागाचा असतो आणि आपले सुताराकडून आलेले दार तसे नसते.

कोरे लाकूड पहिला हात पिऊन टाकते. म्हणून पहिल्या हाताला पाव भाग कमी करून एका लिटरला 80 चौरस फूट धरा. 192 भागिले 80, म्हणजे 2.4 लिटर. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताला 108 प्रमाणे प्रत्येकी 1.8 लिटर. तीन हातांचे झाले 6 लिटर. मुख्य दाराची बाहेरची बाजू ऊन-पाऊस खाते. तिला बाहेरच्या वापराचेच व्हार्निश हवे आणि एक जादा हातही हवा. त्या साडेपंचेचाळीस चौरस फुटांचे 0.4 लिटर धरा. ब्रशला आणि डब्याच्या बुडाला चिकटून जाते त्याचे 0.3. एकूण 6.7, म्हणजे सात लिटर. दहा नव्हे.

पण सातही एकदम आणू नका. आधी चार लिटरचा एक आणि एक लिटरचा एक डबा घ्या. पहिला हात आतल्या एका फ्लश दाराला द्यायला सांगा आणि त्यासाठी खूण केलेल्या भांड्यात मोजून व्हार्निश द्या. 50 चौरस फुटांना साधारण 630 मिलिलिटर लागायला हवे. 900 लागले तर लाकूड खरखरीत राहिले आहे, पॉलिश पेपर नीट मारलेला नाही, असे समजावे. तो मारून घ्या, नाहीतर तिन्ही दारे तेवढेच पितील. 400 मध्येच भागले तर खूश होऊ नका. एकतर ब्रश ओढून ओढून पातळ थर दिला आहे, नाहीतर टर्पेंटाइन जास्त पडले आहे.

टर्पेंटाइनचे इथेच सांगून टाकतो. पहिल्या हातात ते थोडे घालतात, त्याने व्हार्निश लाकडात मुरते. ते उडून जाते, थरात राहत नाही. म्हणून टर्पेंटाइन वाढवून लिटर वाचले असे जो सांगतो, त्याने दारावरचा थरच कमी केलेला असतो. ओळखायचे कसे? ब्रशवरून पाण्यासारखे गळते आणि वाळल्यावर कुठे चमक तर कुठे मळकट डाग दिसतात. उलट, एक हात वाचवण्यासाठी जाड थर दिला तर खाली ओघळ येतात, वरची साय वाळते आणि आतले चिकट राहते. मे महिन्याच्या उन्हात त्याला सुरकुत्या पडतात. तीन हात ते तीनच, आणि प्रत्येक दोन हातांमध्ये बारीक पेपर मारायचा.

जुने व्हार्निश शाबूत असेल, कुठे सुटले नसेल, तर पेपर मारून दोन हात पुरतात. तेव्हा पहिल्या हाताची पाव भाग सूट धरायची नाही. याच दारांना मग जादा हात आणि नासधूस धरून साडेचार लिटरच्या आतबाहेर लागेल.

काही जण लाखेचे पॉलिश सुचवतात. ते चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात, साधारण लिटरभर स्पिरिटला दीडशे ग्रॅम लाख. ते बोळ्याने घासत घासत चढते आणि हात किती ते कारागीर ठरवतो, म्हणून वरचे गणित त्याला चालत नाही. आतल्या कपाटाला ते फार देखणे दिसते. मुख्य दाराला मात्र आमचा सल्ला नाही. पावसाचे पाणी लागले की ते पांढरे पडते.

शेवटी खरेदी. पाच लिटरमधून पहिल्या दोन हातांचे 4.2 गेले की उरलेले मोजा. आमच्या हिशेबाप्रमाणे पाऊण लिटर उरले तर आणखी दोन लिटर आणा. जास्त उरले तर एक-दीड. बिल प्रत्येक खेपेचे वेगळे घ्या आणि त्यावर तारीख असू द्या. शेवटी पाव लिटर राहिले तर ते लहान डब्यात काठोकाठ भरून घट्ट बंद करा. मोठ्या डब्यात तळाशी ठेवले तर वर साय धरते आणि दिवाळीपर्यंत ते फेकावे लागते.