एका अनुस्वाराचा आदर

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला. "मावशी, जरा बघ ना, चुका नकोत. पाठवायचंय." त्याच्या लहानपणच्या मित्राचे वडील गेले होते आणि मित्राच्या मोठ्या बहिणीला त्याला चार ओळी लिहायच्या होत्या. त्यानं लिहिलं होतं:

"ताई, काकाचा निधनाची बातमी ऐकून खूप दु:ख झाले. तुमच्या वडीलांनी मला सायकल शिकवलेली. त्याच्या आत्म्यास शांती लाभो. आम्ही सर्व कुटूंबिय तुमचा दुखात सहभागी आहोत. भावपुर्ण श्रध्दांजली!!"

बरीच वर्षं मुद्रितं तपासल्यामुळे माझा हात आधी ऱ्हस्व-दीर्घाकडेच जातो. पण अशा मजकुरात तिथून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत झालंय. आधी बघायचं ते "काकाचा" आणि "त्याच्या". हे दोन्ही शब्द एरवी शुद्ध आहेत, त्यामुळे मोबाईल त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही. पण गेलेला माणूस वडीलधारा आहे. आदरार्थी अनेकवचन त्या एका टिंबात बसलेलं असतं. "त्यांच्या" म्हटलं की काका, "त्याच्या" म्हटलं की कुणी पोरगा! घरच्यांच्या डोळ्यांना हे आधी टोचतं, श्रद्धांजलीतला ध नंतर.

मग चा आणि च्या. "निधनाची बातमी" यातल्या निधनाला ची लागला, म्हणजे त्याआधी "काकांच्या"च हवं. तसंच "तुमच्या दुःखात". पुढच्या शब्दाला प्रत्यय लागला की आधीचा चा टिकत नाही. बोलताना ही चूक कुणी करत नाही, टाईप करताना मात्र सर्रास होते. म्हणून मी भाच्याला म्हटलं, मोठ्यानं वाच. वाचताना तो स्वतःच अडखळला.

उरलं ते शुद्धलेखन. वडील शब्दातला डी दीर्घ, पण प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो: वडिलांनी. कुटुंबीय मध्ये टु ऱ्हस्व आणि बी दीर्घ. त्यानं दोन्ही बरोब्बर उलटे केले होते. पूर्ण मधला पू दीर्घ. दुःखात विसर्ग हवा, कोलन नव्हे. आणि दुसऱ्या ठिकाणी तर त्यानं तोही गाळला होता. श्रद्धा मध्ये अर्धा द आधी, ध नंतर. श्रद्-धा असं तोडून म्हटलं की कळतं. चौकातल्या निम्म्या फ्लेक्सवर "ध्द" असतो, त्यामुळे तोच डोळ्यांत बसलाय. उद्गारचिन्हं काढली. ती कुठल्याही नियमात चूक नाहीत, पण मला ती तिथे आरोळीसारखी वाटतात.

"आत्म्यास शांती" याबद्दल मात्र विचारलं, घर कुठल्या रीतीचं आहे? बौद्ध कुटुंब असेल तर आत्म्याची भाषा त्यांच्या विचारात बसत नाही, तिथे कै. न लिहिता "कालकथित" लिहितात आणि श्रद्धांजलीऐवजी बरेच जण "आदरांजली" म्हणतात. हे कुठल्याच शब्दकोशाच्या तपासणीत सापडत नाही. इथे तसं नव्हतं, म्हणून वाक्य राहिलं.

आता खरा पेच. "सायकल शिकवलेली." प्रमाण लेखनात "शिकवली होती" हवं. मजकुरात आधी "झाले" आहे आणि मध्येच हे बोलीतलं रूप. नोकरीत असते तर क्षणात बदललं असतं. पण मी हात मागे घेतला.

माझे बाबा गेले तेव्हा एक सुबक, निर्दोष संदेश आला होता. त्यात "आपल्या मातोश्रींच्या" असं होतं. आई माझ्या शेजारी बसली होती. कुठूनतरी उचललेला तो मजकूर, एकही वेलांटी चुकलेली नाही! राग आला नाही, पण तो संदेश मी अजून विसरलेले नाही. ज्यांनी मोडक्यातोडक्या भाषेत बाबांच्या चहाबद्दल लिहिलं, त्यांच्या चुका मला आठवतसुद्धा नाहीत. असो.

भाचा विचारत होता, "मावशी, ते सायकलचं काढू का? फार साधं वाटतंय." म्हटलं, बाकी सगळं काढलंस तरी चालेल, ते ठेव. शेवटी असं गेलं:

"ताई, काकांच्या निधनाची बातमी ऐकून खूप दुःख झाले. तुमच्या वडिलांनी मला सायकल शिकवलेली. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. आम्ही सर्व कुटुंबीय तुमच्या दुःखात सहभागी आहोत. भावपूर्ण श्रद्धांजली."

सकाळी त्याला ताईंचं उत्तर आलं. एकच ओळ: "ती लाल सायकल अजून माळ्यावर आहे रे."