फी माफ, भाषा नव्हे

१९२१ साली बाबासाहेबांनी लंडनहून जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला. सोबतचा जीवनवृत्तान्त त्यांनी स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिला होता. परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांत बाबासाहेबांचा फोटो लावणाऱ्यांना कोलंबिया आठवते, लंडन आठवते. ही जर्मन अक्षरे मात्र कुणाला आठवत नाहीत. आणि आज आमच्या मुलांची वाट अडते ती नेमकी तिथेच.

बॉनसह जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षण शुल्क नाही. सत्राला साधारण १०० ते ४०० युरोंची वर्गणी भरावी लागते. अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क लावले आहे. इंग्लंडात एका वर्षाच्या एम.ए.लाच वीस-पंचवीस हजार पौंड सहज लागतात. घर गहाण ठेवायला ज्याच्याकडे घरच नाही, त्याला बँक दारातही उभे करीत नाही.

मग फुकट ते घ्यावे, हे सरळ दिसते. पण फुकटाचीही किंमत असते.

नांदेडकडची बी.ए. झालेली एक मुलगी समजा. तिला समाजशास्त्रात एम.ए. करायचे आहे. सरकारी विद्यापीठांत इंग्रजीतून चालणारे विनाशुल्क अभ्यासक्रम आहेत, पण ते बहुतांशी अभियांत्रिकी व विज्ञानाचे, आणि त्यांवर जगभरातून उड्या पडतात. सामाजिक शास्त्रे, कायदा, समाजकार्य हे मुख्यत्वे जर्मनमध्येच शिकवले जाते. तिथे बहुधा टेस्टडाफच्या चारही भागांत ४ ची पातळी किंवा डीएसएच-२ मागतात. म्हणजे व्याख्यान ऐकत टिपण काढायचे आणि त्यावर जर्मनमध्ये वाद घालायचा. शून्यापासून सी१ पातळीपर्यंत पोहोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या आठशे ते हजार तासिका लागतात, असे गोएथे इन्स्टिट्यूट सांगते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याची यात दोन वर्षे जातात. बी१ चे प्रमाणपत्र घेऊन 'जर्मन येते' म्हणणारी मुले पहिल्याच सत्रात गप्प बसतात.

दुसरी अडचण व्हिसाची. जगण्याच्या खर्चापोटी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तरी बारा लाखांच्या घरात. ही फी नव्हे. ती रक्कम दरमहा ९९२ युरो याप्रमाणे विद्यार्थ्यालाच परत मिळते. पण आधी ती हातात हवी. तिच्याऐवजी शिष्यवृत्तीचे पत्र किंवा जर्मनीत राहणाऱ्याचे रीतसर हमीपत्रही चालते, हे आमच्या फार थोड्या पालकांना ठाऊक आहे. कागदपत्रांच्या तपासणीचे एपीएस प्रमाणपत्र २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचे आहे. त्याचे १८ हजार रुपये वेगळे.

या अडचणींवरच दलाल जगतात. आमच्याकडे एक बाप पोराचा करार घेऊन आला होता. 'जर्मनीत शिक्षण मोफत, भाषेची अट नाही,' असे त्याला सांगितले गेले होते. करार मात्र बर्लिनमधील एका खासगी संस्थेचा होता, इंग्रजीतून, दोन वर्षांचे चोवीस हजार युरो. संस्था राज्यमान्य होती. त्यात खोटे काही नव्हते. राज्यमान्य म्हणजे सरकारी नव्हे, एवढेच त्या बापाला कुणी सांगितले नव्हते. पहिला हप्ता गेला होता, तो परत मिळाला नाही. जर्मन विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या परिषदेची 'होखशूलकोम्पास' ही सूची आहे. तिथे प्रत्येक संस्था सरकारी की खासगी हे लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी दहा मिनिटे खर्चून ते पाहावे.

आता सरकारचे पाहा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जागतिक क्रमवारीतील विद्यापीठांत प्रवेश मिळवलेल्यालाच मिळते. म्हणजे मदत सुरू होते प्रवेशपत्र हातात आल्यावर. जर्मन शिकण्याची आधीची दोन वर्षे ज्याची त्याने काढायची. त्यामुळे सरकारचा पैसा इंग्रजी देशांच्या भारी फीमध्ये जातो आणि जिथे फीच नाही तिथे आमचा विद्यार्थी पोहोचत नाही. आणि हेच राज्य सरकार २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार करून इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, परिचारिका यांना सरकारी खर्चाने जर्मन शिकविण्याची योजना आखते! कामगार म्हणून जाणाऱ्याला भाषा द्यायला आमचा विरोध नाही, द्यावीच. पण आमची पोरे तिथे हाताने राबायला जाणार असतील तर भाषा सरकारी, आणि विद्यापीठात बसणार असतील तर भाषा स्वतःच्या खिशातून, हा कोणता न्याय?

आमची मागणी साधी आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना सी१ पातळीपर्यंत जर्मन शिकण्यासाठी फी आणि विद्यावेतन द्या, आणि व्हिसासाठी बंद खात्याऐवजी चालेल असे शिष्यवृत्तीचे पत्र द्या. एका विद्यार्थ्याच्या इंग्लंडमधील एका वर्षाच्या फीमध्ये अशा किती जणांची भाषा होईल, हा हिशेब समाजकल्याण खात्याने एकदा मांडून दाखवावा.