फाटले नाहीत, पण संपले!

‘अगं, अजून फाटलेत कुठे?’ मी नव्या बुटांचा विषय काढला, तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. खरं सांगायचं तर तो माझाही होता. वरचं जाळीदार कापड शाबूत, लेस धड, तळाची नक्षीही बऱ्यापैकी टिकलेली. मग तीन हजार रुपये पुन्हा कशाला घालवायचे?

पण गुडघे कुरकुरत होते. आठवड्यातून चार दिवस, रोज पाच किलोमीटर हा माझा नेम. त्यात वाढ नाही, बदल नाही. तरीही धावून आल्यावर नडग्या ठणकायच्या, जिना उतरताना गुडघा बोलायचा. आधी वाटलं, चाळिशी आली. मग एका रविवारी कागद-पेन घेऊन बसले. आठवड्याला वीस किलोमीटर, बूट घेऊन झालेलं दीड वर्ष. गावाला गेलो ते, पावसाचे, आजारपणाचे दिवस वजा केले, तरी बाराशे किलोमीटर भरले! शिवाय त्याच बुटांवर बाजारहाट, ती वेगळीच. धावायचे बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर साथ देतात. म्हणजे माझ्या नेमाप्रमाणे सहा ते नऊ महिने. वजन जास्त असेल, रस्ता डांबरी-सिमेंटचा असेल, तर आणखी लवकर. हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. तो ओलांडला की बूट तपासायला लागायचं, एवढंच.

तपासायचं काय? खालचं रबर नव्हे, तर रबर आणि पाऊल यांच्यामध्ये असलेला फोमचा जाड थर. त्याला मिडसोल म्हणतात. धक्के तोच झेलतो. त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात. प्रत्येक पावलागणिक ते दबतात, पुन्हा फुगतात. हजारो वेळा दबून शेवटी फुगेनासे होतात. रबर मात्र चिवट. म्हणून फोम मेला तरी बूट वरून ठणठणीत दिसतो.

सासूबाईंना मी गादीचं उदाहरण दिलं. खोळ नवीकोरी असली तरी आतला कापूस बसला की पाठ धरतेच ना? त्यांना लगेच पटलं. ‘मग पिंजून घे की!’ म्हणाल्या. तिथेच तर गोम आहे, कापूस पिंजता येतो, फोम नाही.

मैत्रिणींनो, आपले बूट आजच टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून मागून बघा. टाच सरळ उभी आहे, की एका बाजूला कलंडली आहे? माझा डावा बूट चक्क आत झुकला होता. मग कडेने बघा. फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्यात का? अंगठ्याने दाबा. नवा फोम दबतो आणि लगेच वर येतो. जुना एक तर दगडासारखा लागतो, नाही तर दबलेलाच राहतो. शक्य असेल तर एका पायात जुना, दुसऱ्यात नवा घालून दोन पावलं चाला. फरक पायच सांगतो.

आता बूट उलटा करा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजलेली असेल तर घाबरू नका. बहुतेकांचं पाऊल तिथेच आधी टेकतं. पण आतली कडच गुळगुळीत झाली असेल, किंवा एक बूट दुसऱ्यापेक्षा फार झिजला असेल, तर किलोमीटर कमी भरले तरी तो जोड थांबवा. आणि रस्ताही बघा. आपले रस्ते कडेला उतरते असतात. मी रोज त्याच कडेने धावायची, त्यामुळे एक पाय कायम उंचावर. आता शाळेच्या सपाट मैदानावर जाते.

नव्या बुटांनी माझं दुखणं दोन आठवड्यांत गेलं. तसं न होता हाडावर एकाच जागी दुखत असेल, सूज असेल, तर दोष बुटाला न देता डॉक्टर गाठावा.

खर्चाचं म्हणाल तर तीन हजारांचा जोड सहाशे किलोमीटर चालला, तर किलोमीटरला पाच रुपये पडतात. आपण घरातल्या बायका वस्तू फाटेपर्यंत वापरतो आणि त्याला काटकसर म्हणतो. पण इथे झीज बुटाची वाचवून गुडघ्याची होते. गुडघ्याचा दुसरा जोड दुकानात मिळत नाही!

आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी माझे किलोमीटर लिहिलेले असतात. जुने बूट टाकले नाहीत हो. बागेला पाणी घालायला ते अजून छान आहेत.